विमा मृताचा, सवलत कुणाला?

मोटार अपघात दाव्यात विधवा साक्ष देते, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "यजमानांच्या एलआयसीचे किती मिळाले?" मग प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन आणि शेवटी नातेवाइकांनी दिलेली मदत. बायका खाली मान घालून उत्तरं देतात. आपल्याला मिळालंय, म्हणजे आता धडक देणाऱ्याकडून तेवढं कमी मिळणार, असं त्यांना वाटतं. मी वर्षानुवर्षं अर्जदारांच्या बाजूने उभा राहतो, आणि ही समजूत दूर करणं मला युक्तिवादाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आधी हिशेब पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. कायम नोकरीतला ३८ वर्षांचा माणूस ट्रकच्या धडकेत गेला. करवजा पगार महिना ३०,००० रुपये. पुढे वाढणाऱ्या पगारासाठी निम्मी रक्कम मिळवली की ४५,००० होतात. बायको, दोन मुलं आणि आई असे चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. राहिले ३३,७५०, म्हणजे वर्षाचे ४,०५,०००. या वयाला गुणक १५, म्हणून ६०,७५,००० रुपये. आता घरात आयुर्विम्याचे १० लाख आणि फंडाचे ६ लाख आले. ते वजा केले, तर भरपाई ४४,७५,००० वर येते. वाचलेले १६ लाख ट्रकमालकाच्या विमा कंपनीकडे राहतात. ज्याने आयुष्यभर हप्ते भरले, त्याच्या काटकसरीचा फायदा त्याला चिरडणाऱ्याच्या बाजूला!

एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हा प्रश्न सोडवला. कसोटी सोपी आहे. आलेल्या पैशाचा अपघाताशी थेट संबंध आहे का? आयुर्विम्याची रक्कम माणूस आजाराने गेला असता तरी मिळाली असती, आणि जगला असता तर मुदत संपल्यावर त्यालाच मिळाली असती. फंड तर त्याच्याच कमाईचा. अपघाताने फक्त वेळ बदलली, हक्क निर्माण केला नाही. म्हणून वजावट नाही. मात्र खास अपघाती मृत्यूसाठीच घेतलेल्या विम्याबाबत त्या निकालाने वेगळा विचार सुचवला होता. हे अर्जदाराच्या वकिलानेही लक्षात ठेवावं.

अवघड गाठ मेडिक्लेमची होती. जखमी माणसाचं रुग्णालयाचं बिल ४ लाख, त्यातले ३ लाख मेडिक्लेमने भरले. विरुद्ध बाजू म्हणते, खिशातून गेला एक लाख, मग चार कसे मागता? हा युक्तिवाद पोकळ नाही. आयुष्याला किंमत नसते, पण बिलाला असते, आणि ते एकदा भरलं गेलंय. उच्च न्यायालयांचे निकालही याबाबत दोन्ही बाजूंनी होते. शेवटी मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने सांगितलं की मेडिक्लेमची रक्कम वजा करता येणार नाही. ती हप्ता भरून केलेल्या स्वतंत्र करारातून येते, आणि त्या कराराशी धडक देणाऱ्याचा संबंध नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. रक्कम दोनदा मिळते हे खरं, पण दुसऱ्यांदा ती कुणाकडे राहावी असा प्रश्न आला, तर हप्ते भरणाऱ्याचा हक्क आधीचा.

दिराने दिलेले दोन लाख, माहेरहून आलेलं धान्य, शाळेची फी भरणारा मामा यांनाही तोच न्याय. त्यांनी दिलं ते घर सावरावं म्हणून, ट्रकमालकाचं ओझं हलकं व्हावं म्हणून नव्हे. घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेकडेही तसंच पाहायला हवं. हरियाणातल्या १२ वर्षांच्या मुलीच्या मेंदूला कायमची इजा झाली, त्या दाव्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचे महिना १०,००० रुपये धरून १८ चा गुणक लावला आणि या एका बाबीचे २१,६०,००० दिले. आई जागते म्हणून तिची रात्र फुकट धरायची नसते.

पण सगळंच वजावटीबाहेर नाही. हरियाणा सरकारच्या २००६ च्या नियमांनुसार मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला काही वर्षं पगाराइतकी मदत मिळत असे. बुडालेल्या पगाराच्या जागी तोच पगार येत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती रक्कम पगाराच्या नुकसानीतून वजा करायला सांगितलं. तसंच खुद्द वाहनमालकाने भरपाईपोटी काही दिलं असेल, तर ते हिशेबात धरलं जातं. ते लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आलं, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

निकाल बाजूने असूनही दावे कागदांपायी अडतात. मेडिक्लेमसाठी मूळ बिलं विमा कंपनीकडे जातात आणि न्यायाधिकरणात दाखवायला काही उरत नाही. म्हणून बिलं देण्याआधी रुग्णालयाकडून अंतिम बिल, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या शिक्का-सहीच्या प्रती घेऊन ठेवा. आणि एलआयसीचे किती मिळाले, असं विचारलं तर मान वर करून खरा आकडा सांगा.