आठ दिवसांची मुदत

सांगलीच्या गणपती पेठेतील एका कापड व्यापाऱ्याची कन्या एम.कॉम. होऊन एका कार्यालयात हिशेबाचे काम करीत होती. रविवारी दुपारी चार वाजता इचलकरंजीहून मंडळी तिला पाहण्यास यावयाची होती. सूर्यास्तापूर्वी सर्वांना घरी परतून भोजन करता यावे, म्हणून वेळ लवकरची ठरली होती.

शनिवारी सायंकाळी ती जेवली नाही. आईला वाटले, मुलगी लाजते आहे. परंतु तिला भय अनोळखी मुलाचे नव्हते. घराने आधीच होकार देऊन टाकला होता, याचे ते भय होते. आत्याने साडी काढून ठेवली होती. "असे स्थळ पुन्हा चालून येत नाही," हे मामांनी तीनदा ऐकवले होते. त्याहून मोठी गोष्ट कोणीच बोलत नव्हते. मुलाच्या वडिलांच्या यंत्रमागावरील कापड गेली बारा वर्षे दुकानात 60 दिवसांच्या उधारीवर येत होते. दिवाळीचा हिशेब तीच मांडीत असल्यामुळे देणे किती, हे तिला नेमके ठाऊक होते.

दुकान बंद करून अप्पा घरी आले, तेव्हा तिने विचारले, "अप्पा, मी नाही म्हटले, तर उधारीची मुदत राहील का?"

अप्पा बराच वेळ गप्प बसले. हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता, आणि मुलीने तो ओळखला, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तेव्हाच इचलकरंजीला फोन लावला. "उद्या कोणीही उत्तर विचारायचे नाही. आठ दिवसांनी दोघे आपापल्या घरी सांगतील. उत्तर काहीही येवो, मालाचा व्यवहार वेगळा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बरे झाले बोललात. आमचे चिरंजीवही आज जेवलेले नाहीत."

रविवारी बिनकांद्याचे पोहे झाले. चहा देताना तिच्या हातातील कपबशी वाजलीच. नंतर दोघे माडीवर बसले. पहिली पाच मिनिटे परिचयपत्रात छापलेलेच प्रश्न झाले. मग तो म्हणाला, "आमच्याकडे देवदर्शनाआधी कोणी चहा घेत नाही. मला मात्र ते जमत नाही." ती हसली, आणि मनातला प्रश्न विचारता झाला : लग्नानंतर नोकरीचे काय?

तो थोडा थांबून म्हणाला, "आईला पटणे कठीण आहे. मी आधी घरी विचारतो, मग तुम्हाला सांगतो. आज उगाच हो म्हणणार नाही."

पाहुणे निघताच मामांनी उंबऱ्यातच विचारले, "मग, काय ठरले?"

"आठ दिवस," अप्पा म्हणाले.

ऊन अजून उतरायचे होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "आई, लवकर वाढ. भूक लागली आहे."