मामांचा व्हिडिओ आणि "विकली" हा एक शब्द

गेल्या आठवड्यात शेतातली नोंद टाकली नाही. चार दिवस उलव्याला होतो. माझ्या मामांचं वर्षश्राद्ध होतं. त्यांच्या नातवंडांनी जुन्या फोटोंचा एक व्हिडिओ केला होता. थोरल्या नातीचा फोन आला, "काका, फोटो लावून झालेत. खालच्या ओळी आणि मागचं बोलणं आम्ही लिहिलंय, पण एकदा बघा. आजोबांची शेती आम्ही पाहिलेलीच नाही."

मी पेण तालुक्यातला, खारजमिनीतला शेतकरी. लहानपणी दर सुट्टीत मामांकडे, म्हणजे उरण तालुक्यात. त्यांची शेतीही खारातलीच. म्हणून माझी आठवण झाली.

पोरांनी मेहनत भरपूर घेतली होती. 64 फोटो, आणि बोलायला तीन पानं, साधारण 900 शब्द. मी घड्याळ लावून वाचलं. सावकाश, ऐकणाऱ्याला कळेल असं वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे बोलणं नऊ मिनिटं, आणि सहा सेकंदाला एक फोटो धरला तर चित्रं साडेसहा मिनिटांत संपणार. मग पोरांनी काय केलं होतं, तर आवाज पळवला होता. त्यामुळे बातम्या ऐकल्यासारखं वाटत होतं.

आम्ही 40 फोटो ठेवले, प्रत्येकाला सात सेकंद. एकूण पावणेपाच मिनिटं. बोलणं 300 शब्दांवर आणलं. म्हणजे तीन मिनिटं आवाज आणि उरलेला वेळ शांतता. घरचा माणूस फोटोत दिसला की म्हाताऱ्या बायका आपसांत बोलतात, त्याला जागा पाहिजेच.

नंतर एकेक फोटो घेतला. पहिला घोळ तारखांचा. बरेच फोटो नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. फाइलचं नाव IMG-20240312-WA0007.jpg असं. त्यातली तारीख पाठवल्याची असते, काढल्याची नाही. पण त्याच क्रमानं लावल्यामुळे मामांचं लग्न शेवटून तिसरं आलं होतं. 1968 च्या एका फोटोखाली "रायगड जिल्हा" लिहिलं होतं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव 1981 पासूनचं.

मग तारीख कशी काढायची? शेतातला फोटो असेल तर पीक सांगतं. "लावणी करताना आजोबा, जुलै" असं एका फोटोखाली होतं. मी तो मोठा करून दाखवला. पायाजवळ कापलेल्या भाताचे बुडखे, हातात विळा, जमीन सुकलेली. ही कापणी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. लावणी असती तर चिखल असता, हातात आवणाची जुडी असती.

दुसऱ्या फोटोखाली "खळ्यावर भाताच्या राशी" होतं. रांगेनं टोकदार ढीग, काळ्या-पांढऱ्या फोटोत लख्ख पांढरे, आणि मागे सरळ रेषेत आखलेले चौकोनी वाफे. भाताचं शेत असं आखीव नसतं. ते मिठागर होतं. भात निघाला की मामा उन्हाळाभर दुसऱ्याच्या मिठागरावर मजुरीला जायचे, हे नातवंडांना ठाऊकच नव्हतं. चुकीच्या एका ओळीनं मामांचं अर्धं वर्षच पुसलं जात होतं.

सगळ्यात चांगला फोटो उघाडीवरचा. खाली लिहिलं होतं, "निसर्गाच्या सान्निध्यात आजोबा." ही ओळ कुणाच्याही आजोबांना चालेल. आम्ही काम वाटून घेतलं: खालची ओळ कोण, कुठे, कधी एवढंच सांगेल, सहा-सात शब्दांत. आवाज सांगेल ते, जे फोटोत दिसत नाही. खाली आलं, "उघाडीवर, सुमारे 1970. मागे खाडी." आणि नातीनं वाचलं:

"ही लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतात. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं, तर पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री आजोबा बांधावर असायचे."

हे वीसेक सेकंदांचं आहे, म्हणून तो एकच फोटो आम्ही तेवढा वेळ थांबवला.

आता मूळ मुद्दा. सातव्या मिनिटाला मजकूर होता, "नंतर आजोबांनी जमीन सिडकोला विकली आणि आम्ही शहरात आलो."

मामी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "विकली नाही रे बाळा. गेली."

पोरांना फरक कळेना. मग सांगावं लागलं. सिडको स्थापन झाली मार्च 1970 मध्ये. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी शासनानं संपादित केल्या. विकणारा भाव ठरवतो, आणि नको असेल तर नाही म्हणतो. संपादनात ते नसतं. "विकली" म्हटलं की निर्णय आजोबांचा होतो, आणि पन्नास वर्षांनी पतवंड विचारेल, का विकली? आणि शहरात कुणी आलं नाही, शहर त्यांच्याकडे आलं. नवीन वाक्य झालं: "आजोबांची शेती नवी मुंबईसाठी संपादनात गेली. त्यांनी शेत सोडलं नाही, शेतच राहिलं नाही."

त्याच्या पुढे धाकट्या नातवानं 1984 च्या जासईच्या आंदोलनाचा, वर्तमानपत्रातला फोटो लावला होता. त्या 16 आणि 17 जानेवारीला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट त्या लढ्यातून निघाली. बोलण्यात होतं, "आजोबा या लढ्यात पुढे होते."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सगळेच होते ना, काका."

मामींकडे बघितलं. म्हणाल्या, "ते त्या दिवशी घरी होते. ताप होता. ते त्यांना फार लागलं होतं."

नातवाचा चेहरा पडला. फोटो काढून टाकू म्हणाला. मी म्हटलं, ठेव, पण खाली लिही: "जासई परिसर, जानेवारी 1984. वर्तमानपत्रातील छायाचित्र." म्हणजे बघणारा त्या गर्दीत मामांना शोधणार नाही. श्राद्धाला जासईची माणसं येणार होती. त्यांच्या घरातलं कुणी तिथे खरंच उभं होतं. त्यांच्यासमोर खोटं वाक्य एक जरी आलं, तर उघाडी आणि मिठागरही त्यांनी खरं मानलं नसतं.

मामींना पुढे विचारलं, तेव्हा कळलं की मामा नंतर दर वर्षी हुतात्मा दिनाला जासईला जायचे, चालता येईपर्यंत. मग नातवानं स्वतःच लिहिलं आणि स्वतःच्या आवाजात वाचलं: "त्या दिवशी आजोबा तापानं घरी होते. नंतर एकही वर्ष ते चुकले नाहीत."

सोसायटीच्या हॉलमध्ये व्हिडिओ लावायच्या आधी मागच्या रांगेत बसून बघितला. पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं, काही वाचता येईना. ओळींमागे काळी पट्टी टाकली, मग दिसलं.

मिठागराचा फोटो आला तेव्हा मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अरे, तिथे मी पण होतो!" आवाजाला तिथे मोकळी जागा होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. पोरांनी त्याला नंतर गाठलं. फोटोत शेजारी पाठमोरा उभा माणूस कोण, ते त्यानं सांगितलं. त्याचं नाव आता खालच्या ओळीत आहे.

परतल्यावर आमच्या घरचे फोटो काढून बसलोय. आई 81 ची आहे. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं लिहून घेतोय: कोण, कुठे, आणि शेतात कुठलं पीक उभं होतं.