सातवा स्लॅब कुठल्या विंगचा?

मोशीतल्या आमच्या फ्लॅटची करारातली किंमत साठ लाख. त्यातले तीन लाख मी बिल्डरला वेळेआधी दिले, आणि तेही बँकेकडून व्याजाने घेऊन. मला कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. आलेला कागद मी वाचला नाही, एवढंच झालं. वाईट याचं वाटतं की चाकणच्या कारखान्यात माझं कामच मुळी आलेला माल तपासायचं आहे. पुरवठादाराच्या चलनावर पाचशे नग लिहिले असतील तर मोजल्याशिवाय आणि गेज लावल्याशिवाय मी सही करत नाही. घराच्या बाबतीत मात्र चलन पाहिलं आणि सही केली.

आमच्याकडे बहुतेक बांधकामं 'कन्स्ट्रक्शन लिंक्ड' पद्धतीने विकली जातात. काम जसं वर चढतं तसे पैसे द्यायचे, आणि प्रत्येक टप्प्याला बिल्डर डिमांड लेटर पाठवतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांसोबत कराराचा जो नमुना आहे, त्यात या टप्प्यांची कमाल मर्यादा दिली आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. करारानंतर एकूण तीस टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर पंचेचाळीस आणि सगळे स्लॅब झाल्यावर सत्तर टक्के. पुढे भिंती, प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, लिफ्ट असे टप्पे पार करत पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत जायचं. शेवटचे पाच टक्के भोगवटापत्र आल्यावर ताबा घेताना.

साठ लाखांवर हा हिशेब मांडला की पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की अठरा लाख देण्याचा जमिनीवरच्या कामाशी काही संबंधच नसतो. ते करारासोबत जातात. त्यातला बराचसा भाग आपल्या खिशातला असतो, कारण आपला हिस्सा आधी भरल्याशिवाय बँक कर्जाचा हप्ता सोडत नाही. त्यानंतरची सगळ्यात मोठी एकरकमी मागणी जोत्याची, नऊ लाखांची. तिथे मी काहीच पाहिलं नाही. जोतं झालं की महापालिकेकडून जोते तपासणी होते आणि तसा दाखला मिळतो. त्याची प्रत बिल्डरकडे असतेच. ती मागायला ईमेलच्या दोन ओळी लागतात. मी मागितली नाही, पैसे गेले. जोतं खरोखर झालेलं होतं हे माझं नशीब.

मग स्लॅब सुरू झाले. आमच्या प्रकल्पात ए आणि बी अशा दोन विंग, खाली पार्किंग दोघींचं एकच. माझा फ्लॅट बी विंगमध्ये नवव्या मजल्यावर. करारात प्रत्येक स्लॅबला अडीच टक्के, म्हणजे दीड लाख, असे दहा हप्ते होते. इथे आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. इमारतीला एकूण चौदा स्लॅब. तळाच्या पार्किंगचं छत पहिला, पोडियमचं छत दुसरा, आणि त्यावर राहण्याचे बारा मजले. दहा हप्ते पहिल्या दहा स्लॅबनाच लावलेले असल्याने, शेवटचे चार स्लॅब बाकी असतानाच सत्तर टक्के, म्हणजे बेचाळीस लाख, बिल्डरकडे पोचणार होते. हे सही करण्याआधी बोलून बदलून घेता येतं, निदान विचारून तरी पाहता येतं. सहीनंतर करार हा करार.

सहाव्या आणि सातव्या स्लॅबची पत्रं एकापाठोपाठ आली, व्हॉट्सॲपवर पीडीएफ. मी दुसऱ्या पाळीला होतो. पत्रात लिहिलं होतं, 'सातव्या स्लॅबचे काम पूर्ण झाले आहे'. विंगचं नाव कुठेच नव्हतं. मी ते बँकेच्या शाखेत दिलं, रक्कम सोडण्याच्या अर्जावर सही केली आणि तीन लाख गेले, वर पाच टक्के जीएसटी.

माझी समजूत होती की बँक तपासते, तेव्हा आपल्याला तपासायची गरज नाही. बँकेचा माणूस साइटवर जातो हे खरं. पण तो बघतो बँकेचं तारण. इमारत उभी राहते आहे का आणि दिलेल्या कर्जाच्या मानाने काम झालं आहे का, एवढं त्याला पुरतं. माझ्या करारातला कुठला हप्ता कुठल्या विंगच्या कुठल्या स्लॅबला लागतो, हे तो उघडून बसत नाही. आणि पैसे सोडा असं बँकेला लेखी सांगितलेलं असतं मीच.

पुढच्या सुट्टीला बायकोला जागा दाखवायला नेलं. रखवालदाराने आधी आत सोडलं नाही, मग ऑफिसातून फोन करून हेल्मेट दिलं. मुकादम सेंट्रिंगच्या फळ्या उतरवून घेत होता. मी म्हटलं, "सातवा झाला ना आमचा?" तो वर बघत म्हणाला, "ए चा झाला, साहेब. बी चा पाचवाच भरलाय. शटरिंगचा सेट एकच हाय, ए आटपली की मग हिकडं."

तिथेच उभं राहून बायकोने बोटांवर मोजलं. ती अकाउंट्सला आहे. जोत्यापर्यंत पंचेचाळीस टक्के आणि पाच स्लॅबचे साडेबारा, म्हणजे साडेसत्तावन्न टक्के. चौतीस लाख पन्नास हजार. आम्ही दिले होते सदतीस लाख पन्नास हजार. "तुम्ही करार वाचला होता ना?" एवढंच ती म्हणाली.

करारात उत्तर स्पष्ट होतं. नमुना करारातच शब्द आहेत की ज्या इमारतीत किंवा विंगमध्ये सदनिका आहे, तिचं काम. म्हणजे ए विंगच्या स्लॅबवर बी विंगच्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. बी चा सातवा स्लॅब पडायला पुढे जवळपास पाच महिने लागले. साडेआठ टक्क्यांनी तीन लाखांचं त्या काळातलं व्याज साधारण साडेदहा हजार होतं. रक्कम जीव जाण्याइतकी नाही. पण काम मध्येच थांबलं असतं तर माझे तीन लाख न झालेल्या कामात अडकले असते, आणि खरा धोका तो होता.

मोजायचं कसं, हे मला तेव्हा कळलं. स्लॅब आणि मजला यांचे आकडे एक नसतात. आमच्याकडे सातवा स्लॅब म्हणजे राहण्याच्या पाचव्या मजल्याचं छत. बाहेरून पार्किंगपासून मोजत गेलं की कळतं. टेकूंचं जंगल दिसतं तो मजला सगळ्यात ताज्या स्लॅबच्या खालचा. नेहमीच्या पद्धतीत स्लॅब भरल्यावर टेकू लगेच काढत नाहीत. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्याला चौदा दिवस ते ठेवावे लागतात. म्हणून टेकू दिसले तर काम अर्धवट आहे असं समजू नये. फक्त सळई बांधलेली आहे आणि काँक्रीट पडायचं आहे, तेव्हा मात्र मागणी आगाऊ आहे.

दुसरा पुरावा घरबसल्या मिळतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की इमारतवार कामाचा तक्ता दिसतो. खोदाई, जोतं, पोडियम, स्लॅब, आतल्या भिंती, प्लास्टर अशा ओळी आणि प्रत्येकीसमोर टक्के. आर्किटेक्टच्या फॉर्म १ मधल्या दाखल्याचा साचाही हाच. तो इमारतवार किंवा विंगवार असतो, म्हणून डिमांड लेटरसोबत मागायचा कागद हाच. संकेतस्थळावरची माहिती बिल्डर दर तिमाहीला भरतो, त्यामुळे ती दोन-तीन महिने मागे असू शकते. ती जागेवरच्या कामापेक्षा मागे दिसली तर समजण्यासारखं आहे. पत्र तिच्या फार पुढे असेल तर विचारायचं.

आता माझी दुसरी चूक. ही पहिलीच्या बरोबर उलट आणि जास्त मूर्खपणाची. मुकादमाचं बोलणं ऐकून मी इतका चिडलो की पुढचं पत्र आलं तेव्हा पैसेच दिले नाहीत. उत्तरही लिहिलं नाही. सेल्सच्या मुलाला फोनवर दोन शब्द सुनावले आणि मनात म्हटलं, बघू काय करतात ते. मधल्या काळात बी विंगचं काम पुढे सरकलं होतं आणि ती दीड लाखाची मागणी योग्य होती. दोन महिन्यांनी नोटीस आली: हप्ता थकला, व्याज भरा. रेराच्या नियमांत व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरवर दोन टक्के असा ठरलेला आहे. तेव्हा तो अकराच्या आसपास पडत होता. म्हणजे पावणेतीन हजार रुपये. हाच दर बिल्डरने ताबा लांबवला तर त्यालाही लागतो, पण इथे चुकणारा मी होतो. शिवाय नमुना करारानुसार तीन हप्ते थकले तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याचा हक्क बिल्डरला मिळतो. माझा एक मोजला गेला होता. फोनवरचं भांडण कुठेही नोंदलेलं नव्हतं.

व्याज भरलं. त्यानंतर पत्र आलं की त्याच आठवड्यात ईमेल जायचा: कोणत्या विंगचा कितवा स्लॅब, आर्किटेक्टचा विंगवार दाखला जोडा, जागा पाहायला वेळ द्या. शंका अर्ध्या रकमेबद्दल असली तर बिनवादाची रक्कम मुदतीत भरायची आणि उरलेल्याचं कारण लेखी द्यायचं. एकदा ऑफिसने दाखला न देता फक्त आठवणीचं पत्र पाठवलं. मी त्यालाच उत्तर म्हणून मागचा ईमेल पुन्हा जोडला. चार दिवसांत दाखला आला. त्यात बी विंगचे नऊ स्लॅब होते आणि पत्र होतं दहाव्याचं. त्यांनी तारीख पुढे ढकलली. वाद झाला नाही. बहुधा पत्रं काढणाऱ्या मुलीलाही ए आणि बी चा हिशेब वेगळा ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं.

आतल्या कामाचे टप्पे पाच-पाच टक्क्यांचे. तिथे फसायला वाव कमी, कारण आपल्याच दारातून आत जाऊन पाहता येतं. फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग ज्या टप्प्यात येतं, तेव्हा गच्चीवर पाणी साठवून ठेवलं होतं का, हे विचारून घ्यावं. फरशी बसल्यावर ते कळत नाही.

शेवटच्या पाच टक्क्यांसाठी, म्हणजे तीन लाखांसाठी, गोड बोलणं सुरू झालं. "सर, फर्निचरचं काम सुरू करा, चावी घ्या, भोगवटापत्र आठ दिवसांत येतंय." मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती, भाडंही चालू होतं. मी जवळपास हो म्हटलं होतं. बायकोने कागद मागितला. आलं ते अंशतः भोगवटापत्र. ए विंग पूर्ण, बी विंग सातव्या मजल्यापर्यंत.

आम्ही नवव्यावर. तीन लाख आमच्याकडेच राहिले आणि चावी त्यांच्याकडे. बाकीच्या मजल्यांचं भोगवटापत्र दिवाळीनंतर आलं. त्यात मजल्याचा आणि सदनिकेचा क्रमांक बायकोने स्वतः वाचला, मग चेक लिहिला.