सी विंगने अर्ज भरायचा, बाकीच्यांनी नाही

२०२३ च्या शरदात पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एकच विषय होता, PT-3. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देण्याची पद्धत महापालिकेत १९७० पासून होती. मधल्या काळात ती अनेकांसाठी बंद झाली आणि २०२३ साली राज्य सरकारने पुन्हा सुरू केली. ज्यांची सवलत कधी गेलीच नव्हती, त्यांनी काही करायचे नव्हते. १ एप्रिल २०१९ नंतर ज्यांच्या घराची पहिल्यांदा आकारणी झाली, किंवा ज्यांची सवलत मध्येच काढली गेली, त्यांनी १५ नोव्हेंबरपर्यंत PT-3 अर्ज द्यायचा होता. सोबत स्वतः राहत असल्याचा पुरावा आणि पुणे मनपा हद्दीत दुसरे घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत.

मी तेव्हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमच्या ए आणि बी विंग जुन्या आहेत, सी विंग नंतर उभी राहिली आणि तिची आकारणी २०१९ नंतरची. म्हणजे अर्ज भरायचा तो मुख्यतः सी विंगने. ए-बीमधल्या अगदी थोड्या घरांची सवलत पालिकेच्या जीआयएस सर्वेक्षणात निघून गेली होती. ती नेमकी कोणाची, हे सोसायटीला पूर्ण माहीत नव्हते.

ओळखीच्या एका सोसायटीत आमच्या आधी मेल गेला होता. विषय होता, ‘मिळकतकर सवलतीबाबत सर्व सभासदांसाठी अत्यंत महत्त्वाची सूचना’. मजकुराची सुरुवात ‘सर्व सन्माननीय सभासदांस सप्रेम नमस्कार, आपणांस कळविण्यात येते की’ अशी, आणि कोणी अर्ज भरायचा ते तिसऱ्या परिच्छेदात. परिणाम उलटाच झाला. सवलत नियमित मिळत असलेले निवृत्त सभासद कागदांची फाइल घेऊन क्षेत्रीय कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. अर्ज खरोखर भरायला हवा होता ती नोकरदार मंडळी मात्र ‘सर्वांसाठी आहे, बघू नंतर’ म्हणून पुढे गेली. सर्वांना उद्देशून लिहिलेली सूचना वेळ असलेला माणूस मनावर घेतो, आणि काम बहुतेक वेळा वेळ नसलेल्या माणसाचे असते.

आमच्या समितीत पहिला प्रश्न निघाला, मेल फक्त सी विंगलाच का पाठवू नये? मी सर्वांना पाठवण्याच्या बाजूचा होतो. लिफ्टमध्ये आणि व्हॉट्सॲपवर बातमी पोहोचणारच होती, आणि मेल न आलेल्या माणसाला आपण सुटलो की आपल्याला वगळले हे कळत नाही. शिवाय ए-बीमधली ती अनोळखी घरे सर्वांना लिहिल्याशिवाय सापडणार नव्हती.

मग विषयाची ओळ लिहायला बसलो. मोबाइलवर इनबॉक्सच्या यादीत विषयाचे चार-पाच शब्दच दिसतात, पुढचे कापले जातात. आमच्या गूगल ग्रुपमधून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या विषयाआधी चौकटी कंसात सोसायटीचे पूर्ण नाव आपोआप लागत असे, त्यामुळे निम्मी जागा तिथेच संपायची. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते नाव आधी काढून टाकले. पाठवणाऱ्याच्या जागी ते दिसतेच.

उरलेल्या जागेत तीन गोष्टी बसवायच्या होत्या: कोणी, काय आणि कधीपर्यंत. खजिनदारांचे म्हणणे होते की तारीख पहिली यावी, तिनेच माणूस हलतो. मला ते पटले नाही. तारीख पाहून सगळेच हलतात, आणि मला तर काहींनाच हलवायचे होते. म्हणून ‘कोणी’ आधी घेतले:

```
C विंग, स्वतः राहणारे मालक: PT-3 अर्ज, १५ नोव्हेंबरपर्यंत
```

‘स्वतः राहणारे’ हे शब्द गाळले असते तर फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकांनीही अर्ज भरला असता, आणि ही सवलत त्यांच्यासाठी नाही. ‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ हे शब्द मुद्दाम ठेवले नाहीत. कोणासाठी तातडीचे हे ते सांगत नाहीत आणि जागा मात्र खातात.

बऱ्याच फोनवर या ओळीतली तारीख कापली जाणार, हे दिसत होते. पण यादीत विषयाखाली मजकुराचे पहिले काही शब्दही दिसतात. तिथे नमस्कार घातला तर ती जागा वाया जाते. म्हणून मजकूर तारखेनेच सुरू केला आणि नमस्कार शेवटी, सहीच्या वर नेला:

```
१५ नोव्हेंबरपर्यंत PT-3 अर्ज द्यायचा आहे तो C विंगमध्ये
स्वतः राहणाऱ्या मालकांनी.

A, B विंग: तुमच्या बिलात ४० टक्के सवलत येत असेल, तर
काहीही करायचे नाही. सवलत बंद झाली असेल आणि तुम्ही
स्वतः राहत असाल, तर तुम्हीही अर्ज द्या.

कोणत्या गटात येता ते कळत नसेल, तर बिलाचा फोटो मला पाठवा.
```

दुसऱ्या परिच्छेदावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. ‘काहीही करायचे नाही’ हे स्पष्ट लिहिले नाही, तर जबाबदार माणूस फोन करून विचारतोच. अपवाद कोणता हे ज्याचे त्याला घरबसल्या ओळखता यायला हवे होते. ‘जीआयएस सर्वेक्षणात बाधित मिळकतधारक’ असे लिहिले असते तर आपण बाधित आहोत हे कोणाला कळले असते? बिल मात्र प्रत्येकाच्या कपाटात असते. ज्यांची सवलत गेली ते फ्लॅट क्रमांक यादी करून मेलमध्ये टाकावेत, अशीही एक सूचना होती. कोणाकडे भाडेकरू आहे, कोणाचा कर थकला आहे, याची चर्चा त्यातून सुरू झाली असती, म्हणून ते टाळले. जी दोन-चार घरे आम्हाला ठाऊक होती, त्यांना ‘आपल्या फ्लॅटची ४० टक्के सवलत बंद आहे’ अशा विषयाचा स्वतंत्र मेल गेला.

कागदपत्रांची यादी, स्वतः राहत असल्याचे सोसायटीचे पत्र कधी मिळेल, अर्ज कुठे द्यायचा, हे सगळे या तीन परिच्छेदांच्या खाली, ‘C विंगसाठी पुढील माहिती’ या मथळ्याखाली दिले. ज्याला गरज नाही, त्याचे वाचन वरच संपावे एवढाच हेतू. सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये नव्हते, ग्रुपच होता, म्हणून ‘उत्तर सर्वांना’ऐवजी थेट मला यावे अशी सोय सेटिंगमध्ये केली. नाहीतर ‘मी भरला’ अशा उत्तरांच्या ढिगात मूळ मेलच हरवतो.

बिलांचे फोटो येऊ लागले आणि ए-बीमधली आम्हाला माहीत नसलेली घरे त्यातूनच सापडली. सोसायटीच्या पत्रासाठी येणाऱ्यांत सी विंगचीच माणसे जास्त होती.

आठवणीचा मेल पुन्हा सर्वांना पाठवायचा नाही, असे ठरवले. सी विंगमधल्या ज्यांनी पत्र नेले नव्हते त्यांनाच तो गेला, आणि विषय बदलून: ‘आपला PT-3 अर्ज राहिला आहे का?’ जुन्याच विषयाने पाठवला असता तर जीमेलने तो आधीच्या मेलखाली गुंडाळून ठेवला असता, आणि पहिला वाचून झाला आहे असे समजून लोकांनी उघडलाच नसता.

तरीही काही घरे राहिली. मेलचा पत्ता बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाचा, आणि फ्लॅटमध्ये राहणारे त्याचे आई-वडील. विषय कितीही नेमका लिहिला तरी तो भलत्याच इनबॉक्समध्ये पडत होता. अशा घरांच्या दारावर मी स्वतः बेल वाजवली, आणि त्यानंतर सभासद नोंदीच्या फॉर्ममध्ये ‘सूचना कोणाला पाठवायची’ असा वेगळा रकाना घातला.