जुन्या दराचा रकाना

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांतून मी सोळा वर्षं पोळी-भाजीचे डबे दिले. भाजी खारट झाली की गिऱ्हाईक त्याच दुपारी फोन करून बोलतं आणि संध्याकाळी विसरून जातं. दरवाढीचा एक निरोप मात्र मी असा लिहिला, की त्यातले हिशेब पुढे तीन महिने मिटवत बसले होते.

साल २०२२. त्या वर्षी १ एप्रिलला व्यावसायिक गॅसचं १९ किलोचं सिलिंडर एकदम २५० रुपयांनी वाढलं आणि मुंबईकडे २,२०५ रुपयांवर गेलं. पेट्रोल १२० रुपयांच्या पुढे होतं, म्हणजे डबे पोचवणाऱ्या दोन्ही पोरांची कुरकुर रोजची. तेलाचा डबा आणताना तर किंमत विचारायचीच भीती वाटायची. दर वाढवणं भागच होतं, त्याबद्दल आजही माझं दुमत नाही. २४ एप्रिलच्या रविवारी मुलाकडून एक तक्ता करून घेतला आणि त्याचा फोटो मेनूच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. रोजची भाजी कळावी म्हणून त्या ग्रुपमध्ये माझी सगळी, म्हणजे ९२ गिऱ्हाइकं होती.

| डबा | जुना दर | नवा दर | कधीपासून |
|---|---|---|---|
| पूर्ण | ८० | ९५ | १ मे |
| अर्धा (पोळी-भाजी) | ६० | ६५ | १ मे |
| जैन, पूर्ण | ९० | १०५ | १ मे |

वर एक ओळ होती: ‘गॅस सिलिंडर २५० रुपयांनी महागल्यामुळे नाइलाजाने.’ मला ती फार बिनतोड वाटली होती.

अर्ध्या तासात एका अकाउंटंट गिऱ्हाइकाने ग्रुपवरच विचारलं, ‘काकू, एक सिलिंडर किती दिवस जातं?’ मी भाबडेपणाने सांगितलं, तीन दिवस. त्यांनी ९२ ला तीनने गुणलं, २५० ला २७६ ने भागलं आणि लिहिलं, ‘म्हणजे डब्यामागे नव्वद पैसे. उरलेले चौदा रुपये दहा पैसे कशाचे?’ खाली हसण्याचे बाहुले. उत्तर माझ्याकडे होतं. तेल, डाळी, पेट्रोल, पोरांचा पगार, आणि मुख्य म्हणजे दोन वर्षं दर न वाढवल्याचा साचलेला अनुशेष. पण हे सगळं आता लिहिलं असतं तर पकडले गेल्यावर सुचलेली सबब वाटली असती. मी गप्प बसले.

तेवढ्यावर निभावलं असतं. खरा घोळ होता ‘जुना दर’ या रकान्यात. तो मी न विचार करता भरला होता. पूर्ण डबा ८० रुपये हा माझ्या मनातला दर होता. प्रत्यक्षात ३१ जण ७० रुपयेच देत होते. लॉकडाऊननंतर डबे पुन्हा सुरू झाले तेव्हा जो परत येईल त्याला मी आधीच्याच भावाने घेतलं होतं, आणि तो भाव नंतर वाढवायचा राहून गेला. चौघे जण ८५ देत होते. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, चौथ्या मजल्यावर चढायला पोरगा कुरकुरायचा, म्हणून पाच रुपये जास्त. हे कारण त्या चौघांना सांगितलं होतं की नुसताच भाव सांगितला होता, ते मला आठवत नव्हतं. वहीत तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता हे सगळे एकाच ग्रुपमध्ये. ७० वाल्यांना तक्ता सांगत होता की वाढ १५ रुपयांची आहे, आणि त्यांच्या खिशातून जाणार होते २५. ८० वाल्यांना कळलं की कुणीतरी ७० मध्ये जेवत होतं. आणि ८५ देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघणारे, त्यांनी ग्रुपवर नव्हे, दारात येऊन विचारलं, ‘काकू, जुना दर ८० होता, मग आठ महिने मी ८५ कसले देत होतो?’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले तरी असते.

महिन्याचे २६ डबे, पाच रुपये, आठ महिने: १,०४० रुपये. चौघांचे मिळून ४,१६० मी परत केले. ७० वाल्यांपैकी अकरा जण मे महिन्यात आलेच नाहीत. अकरा डबे म्हणजे रोजचा दोन-सव्वादोन किलो कणकेचा गोळा. सकाळी परात पुढ्यात घेतली की तो कमी झालेला हाताला कळायचा.

तारखेचं प्रकरण वेगळंच. माझ्याकडे २६ डब्यांचं कार्ड असायचं, पैसे आगाऊ. १८ एप्रिलला कार्ड घेतलेल्या माणसाचे निम्म्याहून जास्त डबे मे महिन्यात जाणार. त्यांना कुठला दर? ‘१ मे’ म्हणजे डबा पोचल्याची तारीख की पैसे भरल्याची? माझ्या डोक्यात पैसे भरल्याची होती, पण ती डोक्यातच राहिली. पोरांनी आपल्या अकलेने २ मेला उरलेल्या प्रत्येक डब्यामागे १५ रुपये मागायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सतरा फोन. संध्याकाळी मी कळवलं, हातातलं कार्ड संपेपर्यंत जुनाच दर.

हे कळवताना आणखी एक गोष्ट मी विसरले. २८ ते ३० एप्रिल या तीन दिवसांत हुशार मंडळींनी जुन्या भावाने पूर्ण डब्याची १९ जादा कार्डं घेऊन ठेवली होती. मी आनंदाने दिली, गल्ल्यात रोकड येत होती ना! १९ कार्डांचे ४९४ डबे, प्रत्येकी १५ रुपये कमी, म्हणजे ७,४१० रुपयांवर पाणी. त्यात १ मेला सिलिंडर पुन्हा शंभराहून जास्त रुपयांनी वाढून २,३०७ वर गेलं. एकाने तीन कार्डं घेतली होती. त्याने रविवार सोडून नेमाने रोज जेवत ७८ डबे पुरे केले, आणि ८० रुपयांचा शेवटचा डबा माझ्या घरातून ३० जुलैला गेला. त्या दिवशी भरली वांगी होती.

पुढच्या वर्षी दर वाढवताना ग्रुपवर काही टाकलं नाही. वही घेऊन बसले, प्रत्येकाच्या नावापुढे तो खरोखर काय देतो ते लिहिलं आणि ज्याचा त्याला वेगळा निरोप पाठवला. कारण लिहिलंच नाही. विचारलं तर सांगायचं ठरवलं, फक्त तिघांनी विचारलं. ९५ चे १०५ होणार होते त्यांचा निरोप असा होता:

| पूर्ण डब्याचं कार्ड | दर | वापरायची मुदत |
|---|---|---|
| ३१ मे २०२३ पर्यंत पैसे भरलेलं, घरटी एकच | ९५ | ३० जून २०२३ |
| १ जून २०२३ पासून घेतलेलं | १०५ | घेतल्यापासून ४५ दिवस |

हा तक्ता काही देखणा नव्हता. पण त्या जूनमध्ये दोनच फोन आले, आणि त्यातला एक भाजीत मीठ नसल्याचा होता.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिलं तरी एक फरक मला स्वतःला कधी दिसला नसता. तो २०२४च्या एप्रिलमध्ये गोल्डन नेस्टकडून आलेल्या एका नव्या मुलाने दाखवला. कुणीतरी त्याला माझा पहिला फोटो पुढे पाठवला होता. फोन पुढे करून तो म्हणाला, ‘काकू, १ मेपासून ९५ ना? मग आत्ता ८० मध्ये कार्ड मिळेल?’ मी चष्मा लावून पाहिलं. साल कुठेच नव्हतं. खाली माझं नाव आणि नंबर मात्र ठसठशीत होते.

८० मध्ये देणं शक्य नव्हतं. एक कार्ड ९५ ने दिलं.