नव्वद दिवसांचा कागद

खोपोली-सावरोली पट्ट्यातल्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागाचं काम करताना पीआयपी हा कागद बऱ्याचदा हातात येतो. तो बहुतेक वेळा तयार होऊनच येतो. कामगिरी सुधारण्याची योजना असं नाव वर असतं आणि खाली विशेषणं असतात: ‘निष्काळजी’, ‘पुढाकार नाही’, ‘लक्ष देत नाही’. अशा कागदावर मी सही करत नाही, कारण विशेषण सुधारलं की नाही हे मोजता येत नाही.

एका कारखान्यातल्या स्टोअरकीपरचं प्रकरण सांगतो. प्लांट हेडनी त्याच्या नावावर सहा उणिवा लिहून पाठवल्या होत्या. खणून पाहिल्यावर दोनच उरल्या. आलेल्या मालाची जीआरएन नोंद त्याच दिवशी होत नव्हती, आणि बिनकार्डावरचा साठा प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नव्हता. चाळीस वस्तू काढून मोजल्या, तेव्हा एकतीसच जुळल्या. बाकीच्या चार उणिवा म्हणजे या दोन गोष्टींवरचा राग होता.

मग त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, “साहेब, रात्रीचा माल कोण नेतो ते मला सकाळी कळतं.” खरं होतं. रात्रपाळीला स्टोअर बंद, चावी गेटवर. बेअरिंग लागलं की मेंटेनन्सवाले चावी घेणार, माल नेणार आणि मागणी-चिठ्ठी ‘उद्या देतो’ म्हणणार. न जुळलेल्या नऊपैकी पाच वस्तू रात्रीच गेलेल्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त उणीव या माणसाची नव्हतीच, ती चावीची होती. योजना लिहिण्याआधी हे वेगळं काढलं नाही, तर दुसऱ्याच्या कामाचे गुण याच्या नावावर कापले जातात.

म्हणून ‘मदत’ या रकान्यात मी ‘योग्य मार्गदर्शन केले जाईल’ हे वाक्य येऊ देत नाही. तिथे काय, कोण आणि कधीपर्यंत, एवढंच लिहायचं. गेटवर चावीची वही पहिल्या आठवड्यात, जबाबदारी सिक्युरिटी सुपरवायझरची. चिठ्ठीशिवाय रात्री माल नाही, हे मेंटेनन्स प्रमुखाच्या सहीनं. नोंदीसाठी संगणकावरचं शिक्षण दुपारी, कारण सकाळी ट्रक उतरत असतात. मदत उशिरा मिळाली तर मुदत तितकीच पुढे सरकेल, असंही लिहिलं. या शेवटच्या ओळीला वरिष्ठांचा विरोध हमखास होतो. पण ती नसेल, तर मदतीच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

लक्ष्यावरही वाद झाला. प्लांट हेडना चाळीसपैकी चाळीस हवे होते. आमच्याच दुसऱ्या स्टोअरमध्ये सदतीस जुळत होते आणि तिथल्या माणसाला कुणी बोलत नव्हतं. याच्यासाठी सदतीसच ठरले. योजनेतलं लक्ष्य त्याच हुद्द्यावरच्या बऱ्या माणसापेक्षा कठीण असेल, तर निकाल आधीच लागलेला आहे, असं मी समजतो.

मुदत तीस दिवसांची सुचवली होती. पण आमच्याकडे साठ्याची मोजणी महिन्यातून एकदा, म्हणजे तीस दिवसांत एकच आकडा मिळणार. एका आकड्यावरून कल कळत नाही. नव्वद दिवसांत तीन मिळतात. त्यात सुरुवात जुलैत होती. भाताच्या लावणीला हेल्पर गावी जातात. हा स्टोअरकीपर केळवलीहून खोपोलीच्या लोकलनं येणारा. कर्जत-खोपोली मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या, पावसात एक चुकली की पाळीच चुकते. म्हणून नव्वद दिवस ऑगस्टपासून धरले आणि पहिली मोजणी ऑगस्टअखेरीस.

दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटांची बैठक, आकडे समोर, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला. प्रत देणं अनेकांना जिवावर येतं. बैठक दोनदा रद्द झाली, की मी कारण विचारतो. बहुतेक वेळा साहेबांनी मनात निकाल लावलेला असतो.

परिणामही पहिल्याच दिवशी लिहिले: जमलं तर योजना बंद, थोडक्यात हुकलं तर एकदाच मुदतवाढ, नाही जमलं तर दुसरं काम. ‘काढून टाकू’ असं लिहू दिलं नाही. हुद्दा काहीही असो, कोर्ट प्रत्यक्ष काम काय ते बघतं, आणि नोंदी ठेवणारा स्टोअरकीपर कामगार ठरू शकतो. मग पीआयपीचा कागद पुरत नाही, कायद्यानं ठरलेल्या वाटेनंच जावं लागतं.

तीन मोजण्यांत चौतीस, छत्तीस, छत्तीस जुळल्या. जीआरएन मात्र दुसऱ्या महिन्यापासून त्याच दिवशी होऊ लागलं. साठ्याचं लक्ष्य एकानं हुकलं. प्लांट हेड म्हणाले, “नापास.” मी चावीची वही उघडली. शेवटच्या महिन्यात दोन रात्री चिठ्ठीविना माल गेला होता आणि त्यातली एक वस्तू न जुळलेल्या चारांत होती. ती वजा केली, योजना बंद झाली.

बंद झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात काढून घेतलं. ते नसेल तर योजना फाईलमध्ये उघडीच राहते आणि पुढच्या वर्षी पगारवाढीच्या वेळी पुन्हा टेबलावर येते.