ताईचं देणं

आमच्या देवगडच्या कलमांचा हापूस पूर्वी सगळा वाशीला जायचा आणि पट्टी हातात आली की भाव कळायचा. आता बऱ्याच पेट्या थेट पुण्यातल्या घरांत जातात. हे माझ्या मावसबहिणीचं देणं. ताईने उमेदीची वर्षं पुण्यात जाहिरातीच्या कामात काढली. मी इन्स्टाग्रामवर बागेचं पान उघडलं, तेव्हा ती मला रोज रात्री फोनवर शिकवायची.

"पैसे न देता टाकतेस ते ऑरगॅनिक, पैसे भरून दाखवतेस ते पेड," तिने सुरुवात केली. ऑरगॅनिक पोस्ट सगळ्या फॉलोअर्सनाही दिसत नाही. लोक थांबून बघतात का, कुणाला पुढे पाठवतात का, यावर ती किती लांब जाईल ते ठरतं. ती कुठल्या गावात पोचावी हे मात्र आपल्या हातात नसतं. पेड पोस्टवर ती जाहिरात असल्याचा शिक्का येतो, पण शहर, वयोगट, दिवस आणि रोजचा खर्च आपण ठरवतो. पैसे थांबले की दिसणंही थांबतं.

मग नुसती जाहिरातच का करू नये? ताई म्हणाली, "अगं, अनोळखी बाईला कुणी आगाऊ पैसे पाठवेल का? हापूसच्या नावाखाली परराज्यातला आंबा खपतो हे पुणेकराला ठाऊक आहे. तो जाहिरात बघून आधी तुझं पान उघडणार. तिथं चारच फोटो असले, तर परत फिरणार." म्हणून डिसेंबरपासून मी मोहोर टाकू लागले. तुडतुड्यांवरची फवारणी, झेल्याने उतरवलेलं फळ, पेंढ्यात लावलेली आढी, सगळं. आंबा विकायला काढण्याआधीच पानाला काही महिन्यांचा पुरावा जमला.

आणि नुसतं ऑरगॅनिकही पुरत नव्हतं, कारण आंबा थांबत नाही. एप्रिल-मेच्या थोड्या आठवड्यांत माल संपायला हवा. माझ्या पोस्टा बघणारे निम्मे तर देवगडचेच, घरी आंबा असलेले!

इथे ताईने जे सांगितलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. जाहिरातीसाठी नवं चकचकीत चित्र करू नकोस, म्हणाली; फुकट टाकलेल्यांत लोकांनी कशावर प्रश्न विचारले ते बघ. माझ्या आढीच्या रीलखाली "पेटी किती दिवसांत पिकते?" असं लोक विचारत होते. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये तीच जुनी पोस्ट निवडून आम्ही ती जाहिरात म्हणून लावली. त्यामुळे खालचे प्रश्न आणि माझी उत्तरं नव्या माणसालाही दिसत राहिली. ठिकाण फक्त पुणे. उद्दिष्ट मात्र लाइक नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप, कारण जे मागावं तेच करणारी माणसं ही यंत्रणा शोधते. लाइक मागितले तर लाइक देणारेच मिळतात, पेटी घेणारे नाहीत.

हिशेब तिने उदाहरणाने समजावला. "समज, रोज 500 रुपये, दहा दिवस. झाले 5000. त्यात शंभर निरोप आले, तर एका निरोपाला 50 रुपये. शंभरातल्या दहांनी पेटी घेतली, तर एका गिऱ्हाइकाला 500. पेटीमागे तुला सगळा खर्च जाऊन 600 सुटत असतील, तर उरले शंभर." मला ते फारच थोडे वाटले. "यंदा थोडेच," ती म्हणाली, "पण तो माणूस तुझ्या पानावर राहिला, तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा विकत आणावं लागत नाही." रोज काहीतरी टाकत राहण्याची किंमत मला तेव्हा रुपयांत कळली.

जाहिरात शिळी झाल्याची खूणही तिनेच दाखवली. फ्रीक्वेन्सी नावाचा एक आकडा असतो. एकाच माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते तो सांगतो. तो चढत जातो आणि निरोपाचा खर्चही वाढू लागतो, तेव्हा जास्त पैसे ओतायचे नाहीत. रील बदलायची किंवा थांबायचं.

सगळ्यांनाच दोन्ही लागतं असं मात्र नाही. आमच्या शेजाऱ्यांचा सगळा माल एकाच कारखान्यात पल्पसाठी जातो. त्यांनी जाहिरातीवर एक रुपयाही घालू नये. पण ज्याला नवं गिऱ्हाईक आणायचंय आणि जुनं टिकवायचंय, त्याचं एकावर भागत नाही.

ताईने या शिकवणीचं काही घेतलं नाही. पहिली पेटी पाठवली, तर तिचेही पैसे तिने भरले. म्हणून कुणी नवा बागायतदार विचारायला आला की त्याला मी फुकट शिकवते, आणि पहिल्यांदा सांगते: मोहोरापासून पानावर टाकायला लागा, जाहिरातीच्या पैशाला फळ उतरेपर्यंत हात लावू नका.